फोन तापतो आणि ७८ टक्क्यांवरच अडतो : बिघाड बॅटरीत आहे की खोलीच्या तापमानात?

एप्रिल-मे आला की एक तक्रार हमखास ऐकू येते. फोन चार्जिंगला लावला, तासाभरात चांगला चार्ज झाला आणि मग एका आकड्यावर येऊन बसला. कुणाचा ७८ वर, कुणाचा ८० वर, कुणाचा ८४ वर. अर्धा तास झाला तरी आकडा हलत नाही. फोन मात्र हातात धरवत नाही इतका गरम. केबल काढून परत लावली, चार्जर बदलला, फोन रीस्टार्ट केला, तरी तेच. दुसऱ्या दिवशी दुपारी परत त्याच आकड्यावर गाडी अडते. मग दुकानदार सांगतो, "बॅटरी गेली." आणि दोन-अडीच हजारांचा खर्च समोर उभा राहतो.

बरेचदा बॅटरी गेलेली नसते. चार्जरही चांगला असतो. फोनने गरम झाल्यामुळे मुद्दाम चार्जिंग थांबवलेलं असतं. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, म्हणजे तापमान वाढलं की यंत्राने स्वतःच आपला वेग कमी करणं. गेम खेळताना फोन गरम झाला की फ्रेम्स पडतात, ते प्रोसेसरचं थ्रॉटलिंग. इथे आपण चार्जिंगच्या थ्रॉटलिंगबद्दल बोलतोय.

पण एवढ्याने एक प्रश्न सुटत नाही. उष्णतेमुळे चार्जिंग हळू होतं हे समजलं. मग ते नेमकं ठरावीक टक्क्यावरच का थांबतं? कधी ५० वर, कधी ६५ वर का नाही? याचं उत्तर नीट कळलं, तर आपल्या फोनला बॅटरी बदलायची गरज आहे की फक्त पंख्याची, हे घरबसल्या ठरवता येतं.

आधी टक्के म्हणजे काय ते बघू

फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत किती चार्ज आहे हे टाकीत डोकावून पाणी बघावं तसं थेट दिसत नाही. फोनमधली चिप आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा हिशेब ठेवते आणि त्याला बॅटरीच्या व्होल्टेजची जोड देते. बॅटरी भरत जाते तसं तिचं व्होल्टेज चढत जातं. पूर्ण रिकामी असताना ते साधारण ३.४ व्होल्टच्या आसपास असतं. आजच्या बहुतेक फोनमध्ये पूर्ण भरल्यावर ते ४.४ ते ४.५ व्होल्टपर्यंत जातं.

म्हणजे '१०० टक्के' याचा खरा अर्थ असा की कंपनीने या बॅटरीसाठी ठरवलेली व्होल्टेजची कमाल मर्यादा गाठली गेली. ही मर्यादा निसर्गाने ठरवलेली नाही. ती चार्जिंगच्या चिपमध्ये लिहिलेला एक आकडा आहे आणि सॉफ्टवेअर तो आकडा बदलू शकतं. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

गरम झाल्यावर फोन दोन वेगळ्या गोष्टी करतो

बॅटरीच्या पॅकमध्ये किंवा तिला अगदी चिकटून थर्मिस्टर नावाचा एक छोटा भाग असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून चिपला बॅटरीचं तापमान कळतं. फोनच्या बॉडीचं तापमान बघायला आत आणखीही सेन्सर असतात.

पहिला उपाय म्हणजे करंट कमी करणे. हा बराच लवकर सुरू होतो, कित्येकदा बॅटरी ४० अंशांच्या आसपास असतानाच. पाण्याचा नळ थोडा बंद करावा तसं. टाकी भरते, पण हळू. यामागचं गणित सोपं आहे. बॅटरीच्या आत थोडा रोध असतो आणि करंट वाहताना तिथे उष्णता तयार होते. ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा आतला रोध ०.०५ ओहम आहे. ६ अँपिअरने चार्ज केलं तर ६ गुणिले ६ गुणिले ०.०५, म्हणजे १.८ वॉट उष्णता. ३ अँपिअरने केलं तर फक्त ०.४५ वॉट. करंट निम्मा, उष्णता पाव. म्हणून करंट कापणं हा फोनचा सगळ्यात स्वस्त आणि लगेच लागू पडणारा इलाज आहे.

दुसरा उपाय आपल्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. बॅटरी आणखी गरम झाली की फोन व्होल्टेजची कमाल मर्यादाच खाली आणतो. थंड असताना ४.४५ व्होल्टपर्यंत भरायची परवानगी असेल, तर गरम असताना ती ४.१ व्होल्टवर येते. आता बॅटरी भरत भरत ४.१ व्होल्टला पोचली की चिपच्या दृष्टीने काम संपलं. ती बॅटरीत करंट सोडणं थांबवते. आणि ४.१ व्होल्ट म्हणजे त्या बॅटरीत ढोबळमानाने पाऊण भाग भरणं. स्क्रीनवर तुम्हाला दिसतं ७८ टक्के.

म्हणून आकडा ठरावीक असतो. तो टक्क्यांचा नियम नाहीच, तो व्होल्टेजचा नियम आहे, आणि टक्के हे त्या व्होल्टेजचं आपल्याला दिसणारं रूप आहे. तुमच्या फोनची बॅटरी आणि कंपनीने ठरवलेली गरम असतानाची मर्यादा हे दोन्ही रोज तेच असतात, त्यामुळे अडण्याची जागाही जवळपास तीच येते. मित्राचा फोन वेगळ्या कंपनीचा असेल तर त्याचा आकडा वेगळा येणार.

हा नियम आला कुठून?

२००६ मध्ये लॅपटॉपच्या बॅटऱ्या पेट घेण्याच्या घटनांनंतर लाखो बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या. त्यानंतर २००७ मध्ये जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या जेईआयटीए या संघटनेने आणि तिथल्या बॅटरी असोसिएशनने मिळून लॅपटॉपच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांसाठी सुरक्षित चार्जिंगची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कल्पना साधी होती. सगळ्या तापमानांना एकच करंट आणि एकच व्होल्टेज वापरू नका. तापमानाचे पट्टे करा आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळी मर्यादा द्या.

आज चार्जिंग चिप्सच्या माहितीपत्रकांत हे पट्टे सर्रास दिसतात. नेहमीची विभागणी अशी: शून्य अंशाच्या खाली चार्जिंग बंद. शून्य ते १० अंशांत कमी करंट. १० ते ४५ अंशांत पूर्ण चार्जिंग. ४५ ते ६० अंशांत कमी व्होल्टेज, आणि बऱ्याचदा करंटही कमी. ६० च्या वर पूर्ण बंद. फोन कंपन्या हे आकडे आपापल्या बॅटरीप्रमाणे पुढे-मागे करतात, पुष्कळदा आणखी कडक करतात, पण सांगाडा हाच.

४५ च्या वर व्होल्टेजच का कमी करायचं? कारण बॅटरीला उष्णता आणि उच्च व्होल्टेज हे दोन्ही एकत्र सोसत नाहीत. जास्त व्होल्टेजला बॅटरीतली रसायनं आधीच ताणलेली असतात. त्यात उष्णता मिळाली की नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, आत वायू तयार होतो आणि क्षमता कायमची घटते. बॅटरीच्या क्षेत्रात नेहमी दिला जाणारा एक जुना तक्ता आहे. ४० अंशांत बॅटरी वर्षभर ठेवली आणि ती ४० टक्के भरलेली असली, तर वर्षअखेर तिची ८५ टक्के क्षमता उरते. तीच १०० टक्के भरून ठेवली तर ६५ टक्के. तापमान तेच, फरक फक्त किती भरली याचा. आजच्या बॅटऱ्या त्या तक्त्यातल्या बॅटऱ्यांपेक्षा सुधारलेल्या आहेत, पण दिशा बदललेली नाही. गरम फोन ७८ वर थांबतो तेव्हा तो तुमच्या बॅटरीचं पुढचं वर्ष वाचवत असतो.

आता खोलीचं गणित

फोनला पंखा नसतो. आतली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे फक्त त्याची पाठ आणि स्क्रीन आहे. मोठ्या फोनचे हे दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण २४० चौरस सेंटिमीटर होतात. स्थिर हवेत एवढ्या पृष्ठभागावरून उष्णता जाण्याचा वेग धरला, तर ढोबळ हिशेब असा येतो: फोनच्या आत तयार होणाऱ्या प्रत्येक वॉट उष्णतेमागे फोन आसपासच्या हवेपेक्षा सुमारे ४ अंशांनी गरम होतो.

फास्ट चार्जिंग सुरू आहे, शिवाय तुम्ही व्हिडिओ बघताय, तर आत ३ वॉट उष्णता सहज तयार होते. म्हणजे हवेपेक्षा १२ अंश जास्त. खोली २८ अंशांची असेल तर फोन ४० वर. सगळं ठीक. खोली ३८ अंशांची असेल तर ५०. म्हणजे ४५ ची रेषा ओलांडली. आणि फोन गादीवर पालथा टाकलेला असेल, तर एक बाजू जवळपास झाकली गेली. पृष्ठभाग निम्मा, चढ दुप्पट. आता २८ अंशांच्या खोलीतसुद्धा फोन ५० च्या पुढे जायला बघतो.

प्रत्यक्षात तो ५० ला पोचत नाही, कारण त्याआधीच करंट कापला जातो. पण मुद्दा लक्षात आला असेल. तुमचा चार्जर, तुमची बॅटरी, तुमचा वापर सगळं तेच ठेवून फक्त खोली १० अंशांनी तापली, तरी फोनची वागणूक पूर्ण बदलते.

अकोल्यातला एक फोन

माझा मामेभाऊ अकोल्यात राहतो. मे महिन्यात त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला: ७८ टक्के, दीड तासापासून. फोन दीड वर्षं जुना, ५००० एमएएचची बॅटरी, सोबत आलेला ३३ वॉटचा चार्जर. त्याने एक नवी केबल घेऊन झाली होती. दुकानात बॅटरीचा भाव २२०० रुपये सांगितला होता. तो ऑनलाइन क्लासेस आणि क्रिकेट दोन्ही याच फोनवर बघतो, त्यामुळे दोन दिवस फोन दुकानात ठेवणं त्याला परवडत नव्हतं.

मी त्याला म्हटलं, "आज पैसे देऊ नकोस. आधी फोन स्वतः काय सांगतो ते बघू."

अँड्रॉइड फोन बॅटरीची सगळी माहिती एका कमांडमध्ये देतो. त्यासाठी फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स सुरू करून लॅपटॉपवर एडीबी हे टूल लागतं. इथे एक काळजी घ्यायची. लॅपटॉपला फोन केबलने जोडला तर तो लॅपटॉपवरूनच चार्ज व्हायला लागतो आणि प्रयोग बिघडतो. म्हणून अँड्रॉइड ११ पासून मिळणारं वायरलेस डिबगिंग वापरायचं आणि फोन त्याच्या नेहमीच्याच चार्जरवर ठेवायचा. मग ही कमांड:

```
adb shell dumpsys battery
```

दुपारी तीनच्या सुमाराला आलेल्या उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
AC powered: true
status: 4
health: 2
level: 78
voltage: 4104
temperature: 463
```

एकेक ओळ वाचू. पहिली सांगते की चार्जर जोडलेला आहे आणि फोनला तो दिसतोय. म्हणजे केबल निर्दोष. status मध्ये २ म्हणजे चार्ज होतंय, ५ म्हणजे पूर्ण भरलं, आणि ४ म्हणजे चार्जर असूनही बॅटरी चार्ज होत नाहीये. health मध्ये २ म्हणजे ठीक. voltage मिलिव्होल्टमध्ये असतं, म्हणजे ४.१०४ व्होल्ट. आणि temperature अंशाच्या दहाव्या भागात असतं. ४६३ म्हणजे ४६.३ अंश.

चित्र स्पष्ट आहे. बॅटरी ४५ च्या वर गेलीय, व्होल्टेज बरोबर ४.१ वर उभं आहे आणि चार्जिंग बंद आहे. खोलीत तेव्हा ३७ अंश होते. फोन जाड कव्हरमध्ये, गादीवर, मॅच सुरू.

पण एका वाचनावर निकाल देऊ नये. म्हणून त्याच रात्री दहा वाजता दुसरी फेरी केली. तोच फोन, तोच चार्जर, त्याची जुनी केबल. बदललं एवढंच की कव्हर काढलं, फोन गादीऐवजी फरशीवर ठेवला, पंखा लावला, मोबाइल डेटा बंद, स्क्रीन बंद. खोली ३२ अंशांवर आली होती. ४० टक्क्यांपासून सुरुवात केली. पंचवीस मिनिटांत फोन ७८ ओलांडून पुढे गेला, थांबला नाही. सगळ्यात जास्त तापमान ४१.५ अंश. सव्वा तासाने १०० टक्के, व्होल्टेज ४.४४.

बॅटरी खराब असती तर ती रात्रीही खराबच असती. केबल खराब असती तर रात्री दुरुस्त झाली नसती. बदललं फक्त तापमान. २२०० रुपये वाचले.

लॅपटॉप नसेल तरी हा प्रयोग करता येतो. बॅटरीचं तापमान दाखवणारी साधी मोफत अ‍ॅप्स हाच आकडा वाचून दाखवतात. आयफोनमध्ये तर गरम झाल्यामुळे चार्जिंग थांबलं की `Charging On Hold` असा स्पष्ट निरोपच येतो.

सगळं अडणं एकसारखं नसतं

इथपर्यंत वाचून प्रत्येक अडलेल्या फोनचा दोष उन्हाळ्यावर टाकू नका. अडण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि ते ओळखता येतात.

फोन गरम आहे आणि दर वेळी जवळपास त्याच आकड्याला थांबतो, हा आपण आत्ता बघितलेला प्रकार. थंड झाल्यावर चार्जिंग आपोआप पुढे सरकतं. मात्र ४५ च्या खाली ४४.९ ला लगेच सरकत नाही. चालू-बंद, चालू-बंद होऊ नये म्हणून फोन आणखी काही अंश खाली यायची वाट बघतो. त्यामुळे दोन मिनिटं फुंकर घालून काही होत नाही, पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात.

फोन गरम आहे, पण अडण्याचा आकडा रोज वेगळा. आज ५२, काल ६७. हे बहुतेक वेळा करंट कापल्यामुळे होतं. समजा गरम झाल्यावर फोनने आत घेतलेली वीज ४ वॉटवर आणली आणि तुमचा गेम, ब्राइट स्क्रीन आणि ५जी मिळून ४ वॉट खाताहेत. जेवढं येतंय तेवढं जातंय, बॅटरीला काहीच उरत नाही. गेम बंद करा, आकडा चालायला लागेल.

फोन थंडगार आहे आणि बरोबर ८० वर थांबलाय. ही बहुधा सेटिंग आहे. आयफोन १५ पासून पुढे ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते, सॅमसंग आणि पिक्सेलमध्येही तशी सोय आहे. बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बघा, कधीतरी तुम्ही किंवा घरातल्या कुणीतरी सुरू केलेली असेल.

आणि हे तिन्ही नसेल, म्हणजे थंड खोलीत, सेटिंग बंद असताना, वापर नसतानाही फोन अडत असेल, आकडा एकदम ३० वरून १२ वर उडी मारत असेल, किंवा २० टक्के असताना फोन बंद पडत असेल, तर मात्र बॅटरीकडे बघायलाच हवं. पाठ फुगलेली किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर प्रयोगही करू नका. चार्जर काढा आणि सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

फोन थंड करायचा तो कसा?

कव्हर काढा, फोन गादीवरून उचलून फरशीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवा, पंख्याचा वारा लागू द्या. कॉल आणि हॉटस्पॉट चार्जिंगच्या वेळी टाळा. वायरलेस चार्जिंग उन्हाळ्यात दुपारी नकोच, त्यात वाया जाणारी बरीच ऊर्जा फोनच्या पाठीतच उष्णता होऊन बसते. आणि शक्य असेल तर मोठं चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा करा.

फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढल्यावर दमट हवेतली वाफ थंड फोनवर, आणि आतल्या भागांवरही, पाणी होऊन जमते. ओलं फडकं गुंडाळणंही तसलंच. बॅटरी वाचवायला गेलात आणि चार्जिंग पोर्ट गमावलात असं व्हायचं.

हा प्रश्न आत्ता का मोठा होतोय

दोन गोष्टी एकमेकींकडे सरकताहेत. एकीकडे चार्जरचे वॉट वाढताहेत. ६७, ८०, १२० वॉट आता मधल्या किमतीच्या फोनांतही दिसतात, आणि जाहिरातीत 'इतक्या मिनिटांत शंभर टक्के' असा आकडा असतो. असा आकडा आरामशीर तापमानाच्या खोलीतला असतो. दुसरीकडे आपलं हवामान. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी आसपासचं तापमान शून्य ते ३५ अंश असावं असं सांगते. भारतीय हवामान विभाग मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचारच कमाल तापमान ४० अंशांना पोचल्यावर सुरू करतो. म्हणजे ज्या दिवसाला आपण फक्त 'कडक ऊन' म्हणतो, त्या दिवशीही बाहेरची हवा फोनच्या कागदावरच्या मर्यादेच्या वर गेलेली असू शकते. बाइकच्या हँडलला फोन लावून, जीपीएस सुरू ठेवून, उन्हात पॉवर बँकेवर चार्ज करत दिवसभर डिलिव्हरी करणाऱ्या पोराचा फोन तर दुपारभर त्या पट्ट्याच्या बाहेरच असतो. त्याच्यासाठी चार्जिंग अडणं म्हणजे संध्याकाळच्या ऑर्डर हुकणं.

व्होल्टेज खाली आणण्याचं हेच हत्यार कंपन्या आता कायमस्वरूपीही वापरायला लागल्यात. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल ४ए ला एक अपडेट दिलं, त्यानंतर काही फोनची बॅटरी क्षमता आणि चार्जिंग दोन्ही घटले. जुलै २०२५ मध्ये काही पिक्सेल ६ए फोनना सक्तीचं अपडेट आलं. बॅटरी जास्त तापण्याचा धोका कमी करण्यासाठी, ४०० चार्ज सायकल झाल्यावर त्यांची क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी केला गेला. तुमचा फोन दुपारी तात्पुरतं जे करतो, तसंच काहीसं इथे कायमचं झालं. फरक एवढाच की तिथे कंपनीने ते जाहीर केलं.

आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. फोन ७८ वर थांबतो याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो बरोबरच वागतो. पण तो का थांबला हे त्याला ठाऊक असतं. तापमान, व्होल्टेज, स्थिती, सगळं त्याच्याकडे नोंदलेलं असतं, आपण एका कमांडमध्ये ते वाचलं. तरीही कित्येक अँड्रॉइड फोन स्क्रीनवर विजेचं चिन्ह आणि न हलणारा आकडा एवढंच दाखवतात. 'बॅटरी गरम आहे, थंड झाल्यावर चार्जिंग पुढे सुरू होईल', हे एक वाक्य मराठीत दाखवायला नवं हार्डवेअर लागत नाही. ते नसल्यामुळे लोक केबल घेतात, चार्जर घेतात, चांगली बॅटरी काढून साधी बॅटरी बसवून घेतात, आणि पुढच्या मे महिन्यात फोन परत तिथेच अडतो.

तो निरोप येईपर्यंत दुकानात जाण्याआधी एक फेरी दुपारची आणि एक रात्रीची करून बघा, दोन्ही वेळचं तापमान लिहून ठेवा. दुकानदाराने बॅटरी बदलायला सांगितली तर ते दोन आकडे त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, "रात्री शंभर टक्के कशी होते मग?"